जिल्हाधिकाऱ्यांची दहा मिनिटांची भेट हवी? दोन ओळींचा मेसेज असा लिहा

तहसीलदारांचा आदेश हातात आहे, तरी शेतरस्ता अजून बंदच आहे. तलाठी म्हणतात मंडळ अधिकाऱ्यांना भेटा, मंडळ अधिकारी म्हणतात तहसीलला जा आणि तहसीलमध्ये सांगतात, ‘पोलीस बंदोबस्त मिळाला की येतो.’ असे सहा महिने गेले की गावातलं कुणीतरी म्हणतं, ‘आता थेट कलेक्टर साहेबांनाच भेटा.’ पण भेटायचं कसं? न सांगता गेलं तर साहेब दौऱ्यावर असतात आणि मेसेज पाठवला तर उत्तर येत नाही.

बहुतेक वेळा उत्तर न येण्याचं कारण मेसेजमध्येच असतं. मेसेज कुणी वाचतं, त्यात काय शोधतं आणि भेटीची वेळ कशी ठरते, हे कळलं तर दोन ओळी पुरतात.

मेसेज आधी वाचतात स्वीय सहायक

जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने आलेला ईमेल, अर्ज किंवा कार्यालयाच्या मोबाईलवरचा मेसेज सहसा आधी त्यांच्या स्वीय सहायकांकडे जातो. गावात त्यांना ‘पीए’ म्हणतात. साहेबांचा दिवस तेच लावतात. मंत्र्यांचा दौरा, मुंबईहून होणारी व्हीसी, खातेप्रमुखांची बैठक, महसुली प्रकरणांच्या सुनावण्या हे सगळं धरून मधली दहा-पंधरा मिनिटं कुणाला द्यायची, हे त्यांना बघावं लागतं.

मेसेज वाचताना स्वीय सहायकाच्या डोक्यात तीन प्रश्न असतात. विषय खरंच साहेबांचा आहे की खालच्या कार्यालयाचा? भेटीतून नेमकं काय हवं आहे? आणि किती वेळ, कधी? ही उत्तरं पहिल्या नजरेत दिसली तर मेसेज पुढे सरकतो. ती शोधण्यासाठी दोन पानं वाचावी लागली तर ‘नंतर बघू’ म्हणून तो मागे पडतो आणि मग खाली जातो.

म्हणून मेसेज असा हवा की तो जसाच्या तसा साहेबांना वाचून दाखवता येईल.

एक उदाहरण घेऊ

समजा, चार शेतकरी कुटुंबांचा शेतात जायचा जुना रस्ता शेजाऱ्याने चर खणून आणि काटेरी कुंपण घालून अडवला. त्यांनी तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली दावा केला. जागेची पाहणी झाली, दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं गेलं आणि 20 नोव्हेंबरला रस्ता मोकळा करण्याचा आदेश झाला. शेजारी वर गेला नाही, त्यामुळे आदेशाला स्थगिती नाही. तरीही रस्ता उघडला नाही, कारण बंदोबस्ताची तारीख दोनदा ठरून दोन्ही वेळा पुढे गेली.

आता एप्रिल सुरू झाला आहे. जूनमध्ये पेरणी आहे. रस्ता मे अखेरपर्यंत मोकळा झाला नाही तर ट्रॅक्टर शेतात जाणार नाही आणि बियाणं-खताची पोती डोक्यावरून न्यावी लागतील. एकदा शेजाऱ्याने पेरणी केली की उभ्या पिकातून रस्ता काढणं अवघड होतं आणि काम दिवाळीपर्यंत लांबतं. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने आहेत.

चौघांपैकी एकाने रात्री साडेदहाला कार्यालयाच्या मोबाईलवर मेसेज टाकला. सुरुवात आजोबांच्या काळापासून, मग शेजाऱ्याशी झालेलं भांडण, तलाठ्याचं वागणं, त्यानंतर अकरा फोटो आणि शेवटी ‘कृपया न्याय द्यावा, भेटीची वेळ मिळावी.’ चार दिवस झाले, उत्तर नाही.

या मेसेजमध्ये खोटं काहीच नव्हतं, पण कामाची गोष्ट त्यात हरवली होती. आदेश झालेला आहे, हे बाराव्या ओळीत होतं. स्थगिती नाही, हे कुठेच नव्हतं. वाचणाऱ्याला वाटलं, हा शेतरस्त्याचा नवीन वाद आहे आणि तो तहसीलदारांकडेच जायला हवा.

पहिली ओळ: काम काय आणि कुठे अडलंय

पहिल्या ओळीत तीन गोष्टी बसवायच्या. आजवर काय झालं, कुठे अडलं आणि साहेबांनी काय करावं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ‘न्याय मिळावा’, ‘लक्ष घालावं’, ‘सविस्तर चर्चा करायची आहे’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काही ठरवता येत नाही. ‘रस्ता मोकळा करण्याची तारीख ठरवून मिळावी’ असं लिहिलं की काम डोळ्यांपुढे येतं. साहेबांना फोन उचलून प्रांतांना किंवा तहसीलदारांना काय सांगायचं, तेही त्यातच आलं.

आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहायलाच हवी. त्या क्रमांकावरून स्वीय सहायक भेटीआधीच तहसीलला फोन करून माहिती घेऊ शकतात. कधी कधी त्या एका फोननेच काम हलतं आणि भेटीची गरजही उरत नाही.

शेजाऱ्याचं नाव, जुनं भांडण, कुणी पैसे मागितल्याचा संशय, हे या ओळीत नको. पैसे मागितल्याची तक्रार असेल तर तिचा मार्ग वेगळा आहे, ती लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जाते. दोन्ही एकत्र केलं तर रस्त्याचं काम बाजूला पडतं आणि चौकशीचीच चर्चा होते.

दुसरी ओळ: किती मिनिटं, कोणत्या वेळा, किती माणसं

‘साहेबांच्या सवडीने केव्हाही येऊ’ हे वाक्य नम्र वाटतं, पण त्याने वेळ शोधायचं ओझं समोरच्यावर पडतं. दोन नेमक्या वेळा सुचवल्या की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच द्यायचं राहतं. एकच वेळ सुचवू नये, कारण ती हुकली की मेसेजचं काम संपतं. पाच-सहा वेळाही देऊ नयेत. दोन वेगळ्या दिवसांच्या दोन वेळा आणि शेवटी ‘यात अडचण असल्यास साहेब सांगतील त्या वेळी येऊ’ एवढं पुरतं.

दहा मिनिटं मागावीत. अर्धा तास मागणाऱ्याला बहुधा वेळ मिळत नाही आणि ‘दोन मिनिटं’ म्हटलं तर दारातच उभ्या उभ्या बोलणं आटोपतं. किती जण येणार हेही लिहावं. दोघे येतील असं लिहून पंधरा जण गेले तर भेटीचं शिष्टमंडळ होतं आणि बोलण्याचा सूर बदलतो.

वेळा सुचवण्याआधी कॅलेंडर बघायला हवं. राज्य सरकारची कार्यालयं 2020 पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत, म्हणून शनिवार-रविवार सोडावेत. महिन्याचा पहिला सोमवार जिल्हास्तरीय लोकशाही दिनाचा असतो, त्या दिवशी वेगळी भेट मागण्यात अर्थ नाही. मार्चचा शेवटचा आठवडा वसुली आणि निधीच्या हिशेबाचा असतो. अधिवेशन चालू असताना विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरं पाठवण्याची घाई असते. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टच्या आदल्या दोन दिवसांतही कार्यालय कार्यक्रमाच्या तयारीत असतं.

उदाहरणातल्या शेतकऱ्याने दुसऱ्यांदा मेसेज लिहिला तेव्हा ‘मंगळवार, 14 एप्रिल, सकाळी 11’ अशी वेळ टाकली होती. पुतण्याने वाचून सांगितलं, ‘काका, त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, सुट्टी असते.’ तेव्हा तारीख बदलली. बारीकच गोष्ट, पण बंद कार्यालयाची वेळ मागितलेला मेसेज वाचणाऱ्याला लगेच खटकतो.

मेसेज असा झाला

*मा. जिल्हाधिकारी साहेब, शेतरस्ता मोकळा करण्याचा तहसीलदारांचा दि. 20 नोव्हेंबरचा आदेश (क्रमांक …) स्थगिती नसतानाही बंदोबस्ताअभावी पाच महिने अंमलात आलेला नाही. पेरणीपूर्वी अंमलबजावणीची तारीख ठरवून मिळावी, यासाठी आपली 10 मिनिटे भेट हवी आहे.*

*बुधवार दि. 15 एप्रिल रोजी दुपारी 3 ते 5 किंवा गुरुवार दि. 16 एप्रिल रोजी सकाळी 11 ते 1 या वेळेत आम्ही दोघे कागदपत्रांसह येऊ शकतो. यात अडचण असल्यास आपण सांगाल त्या वेळी येऊ.*

खाली नाव, गाव, तालुका आणि मोबाईल नंबर. सोबत आदेशाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा एकच पीडीएफ. फोटो नाहीत, ते भेटीत दाखवायचे.

‘सकाळी 11’ असं न लिहिता ‘11 ते 1’ लिहिलंय, हे बघण्यासारखं आहे. त्या दोन तासांत दहा मिनिटं बसवणं स्वीय सहायकाला सोपं जातं. भाषाही साधी आहे. ‘आपल्या चरणी विनंती’ नको आणि ‘वेळ न दिल्यास उपोषणाला बसू’ ही धमकीही नको. उपोषणाचा इशारा आला की तो कागद भेटीच्या विनंतीतून निघून कायदा-सुव्यवस्थेच्या फायलीत जातो आणि उत्तर पोलीस ठाण्यातून येतं.

पाठवायचं कुठे आणि कधी

कार्यालयाचा ईमेल आणि दूरध्वनी क्रमांक जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर असतो. ईमेलच्या विषयात ‘10 मिनिटे भेटीची विनंती – शेतरस्ता आदेश अंमलबजावणी, तालुका अमुक’ असं लिहावं. साहेबांचा खासगी नंबर कुणाकडून मिळाला तरी त्यावर मेसेज टाकू नये. तो तिथे वाचला गेला तरी त्याची कुठे नोंद होत नाही.

मेसेज कार्यालय सुरू असताना, शक्यतो सकाळच्या वेळी जावा आणि मागितलेल्या तारखेच्या चार-पाच कामाच्या दिवस आधी. आज पाठवून उद्याची वेळ मागितली तर ती सहसा मिळत नाही.

मोबाईलवर भरवसा नसेल त्याने याच दोन ओळी कागदावर लिहून कार्यालयाच्या टपाल शाखेत द्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. पुढे फोन करताना ‘माझा अर्ज आवक क्रमांक अमुक’ एवढं सांगितलं की समोरचा लगेच शोधू शकतो.

दोन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर एक फोन करावा. तोही दोन वाक्यांचाच. ‘नमस्कार साहेब, शेतरस्त्याच्या आदेशाबाबत सोमवारी भेटीची विनंती पाठवलीय. बुधवार किंवा गुरुवारची वेळ मिळेल का, एवढंच विचारायचं होतं.’ स्वीय सहायक म्हणाले, ‘बुधवारी व्हीसी आहे काका, गुरुवारी सव्वाबाराला या,’ तर तिथेच ‘हो’ म्हणून लगेच मेसेजने पक्कं करावं: ‘गुरुवार 16 एप्रिल, दुपारी 12.15, दोघे येत आहोत. धन्यवाद.’ तोंडी ठरलेली वेळ विसरली जाते, लिहिलेली दाखवता येते.

भेटीत काय होतं

ठरलेल्या वेळेआधी वीस मिनिटं पोहोचावं आणि बाहेर तासभर बसायची तयारी ठेवावी. आत गेल्यावर साहेब बहुधा तीनच गोष्टी विचारतात: आदेशाची प्रत आहे का, वर अपील किंवा स्थगिती आहे का आणि बंदोबस्त कधी मागितला होता. या तीन उत्तरांचे कागद वर हवेत. सातबारा, गावनकाशा आणि फोटो त्याखाली.

सोबत एका पानाचं निवेदन दोन प्रतींत न्यावं. साहेब त्यावरच शेरा मारतात, म्हणजे कोणत्या अधिकाऱ्याने काय करून कधीपर्यंत अहवाल द्यायचा ते लिहून सही करतात. ‘तहसीलदार, 30 एप्रिलपूर्वी कार्यवाही करून अहवाल सादर करा’ असा शेरा मिळाला तर भेट कामी आली. नुसतं ‘बघतो’ म्हटलं गेलं तर नम्रपणे विचारावं, ‘साहेब, निवेदनावर तसं लिहून मिळेल का?’ निघताना तो कागद टपाल शाखेत नोंदवून पोच घ्यावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तहसीलमध्ये जाऊन शेरा असलेला कागद पोहोचला का, हे विचारावं. शेरा मारलेला कागद शाखेत अडकून पडणं, ही नेहमीची गोष्ट आहे.

कोणत्या कामासाठी भेट मागू नये

मेसेज कितीही चांगला असला तरी काही कामांत भेट मिळत नाही आणि ती मागूही नये. ज्या प्रकरणाचं अपील त्याच साहेबांपुढे किंवा प्रांतांपुढे चालू आहे, त्यात एका बाजूला वेगळं बोलावून ऐकता येत नाही. अशा वेळी भेट मागण्यापेक्षा त्या प्रकरणातच ‘लवकर सुनावणी मिळावी’ असा अर्ज द्यावा. शेजाऱ्याने स्थगिती आणली असेल तरी हाच मार्ग. म्हणूनच मेसेज लिहिण्याआधी प्रांत कार्यालयात आणि वकिलांकडे स्थगितीची खात्री करून घ्यावी. ‘स्थगिती नाही’ असं लिहिलं आणि ती निघाली तर पुढच्या मेसेजवर कुणी विश्वास ठेवत नाही.

दार चुकलं तरी वेळ जातो. ग्रामपंचायत, झेडपीची शाळा, घरकुल या कामांसाठी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. पोलीस ठाण्यात तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षक. मेसेज तोच दोन ओळींचा, फक्त पत्ता वेगळा.

खालची पायरी चढलेली नसेल तर वरून तोच प्रश्न येतो, ‘प्रांतांना भेटलात का?’ भेटला असाल तर ती तारीख निवेदनात असावी.

वेळ मिळालीच नाही तर कार्यालयाच्या दारावरचा फलक बघावा. अनेक कार्यालयांत अभ्यागतांसाठी ठराविक वार आणि वेळ लिहिलेली असते. व्यक्तिगत तक्रारीसाठी लोकशाही दिनाचा मार्गही आहे. तालुक्याला तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो आणि त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात आधी अर्ज द्यावा लागतो. मात्र तिथे एकेकट्याची तक्रार घेतात, चौघांनी मिळून दिलेला अर्ज चालत नाही. न्यायप्रविष्ट आणि अपिलात असलेली प्रकरणंही तिथे घेत नाहीत.

आणि कार्यालयाबाहेर कुणी ‘साहेबांची भेट घालून देतो, पाचशे द्या’ म्हणाला तर सरळ पुढे जावं. भेटीला फी नसते.